ओटीपी पोहोचतो, पण दिसत नाही : ‘ट्राय’च्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : स्पॅम फिल्टरमध्ये अडकणारे आणि दुसऱ्या सिमवर जाणारे ओटीपी

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, योजनांची ई-केवायसी, पेन्शनरांची कामं, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. यातलं बहुतेक काम एका टप्प्यावर येऊन थांबतं आणि समोरच्याच्या मोबाईलवर सहा आकडे येईपर्यंत पुढे सरकत नाही. ते आकडे आले नाहीत की माणसं दोनच निष्कर्ष काढतात. एक तर ‘सर्व्हर डाऊन आहे’, नाहीतर ‘आधारला नंबर लिंक नाही’. दुसऱ्या समजुतीने माणूस उठतो, रोजगार बुडवून आधार केंद्राच्या रांगेत उभा राहतो, नंबर अपडेट करायचे ७५ रुपये भरतो आणि नंबर आधीपासूनच जोडलेला होता हे त्याला कधी कळतही नाही. ओटीपी त्याच्याच खिशातल्या फोनमध्ये येऊन पडलेला असतो.

ही तक्रार मी आपल्याकडे आणतोय, कारण व्यावसायिक संदेशांचे नियम आपण करता. कोणत्या नावाने संदेश जायचा, त्याचा मजकूर आधी कुठे नोंदवायचा, त्यावर कोणता शिक्का असायचा, हे सगळं आपल्या २०१८ च्या विनियमांतून आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांतून ठरलं आहे. पाठवणाऱ्याच्या टोकाला आपण चोख व्यवस्था उभी केली. माझं म्हणणं घेणाऱ्याच्या टोकाबद्दल आहे. तिथे आज कोणीच जबाबदार नाही.

एक प्रसंग तपशिलात सांगतो, कारण दोष कुठे आहे ते त्यातूनच दिसेल.

एका योजनेच्या ई-केवायसीसाठी शेजारच्या वाडीतल्या एक ताई आल्या होत्या. फोन साधा, दोन सिमचा अँड्रॉइड. पहिल्या सिमवर नेट आणि रोजचे कॉल. दुसरं सिम जुनं, फक्त नंबर टिकवायला ठेवलेलं. आधार क्रमांक टाकला, बटण दाबलं, पडद्यावर ओळ आली की नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. कोणत्या मोबाईलवर, ते पडद्यावर कुठेच नव्हतं. फोन वाजला नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. ताई म्हणाल्या, “माझा नंबर लिंकच नसंल बघा, मागं पण असंच झालं होतं.”

अशा वेळी मी एक ठरलेली वाट धरतो. यूआयडीएआयच्या मायआधार संकेतस्थळावर आधार वैध आहे की नाही हे तपासायची सोय आहे, तिला ओटीपी लागत नाही. तिथे आधार क्रमांक टाकला की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते ताईंच्या दुसऱ्या, जुन्या सिमचे निघाले. म्हणजे नंबर जोडलेला होता आणि आधार केंद्राची फेरी लागणार नव्हती. मग त्या जुन्या नंबरवर माझ्या फोनवरून रिंग दिली, ती वाजली. सिम चालू, नेटवर्क आहे. मग त्याच नंबरवर मी साधा एसएमएस टाकला. तोही आला, खाली सिम २ असं लिहून. आता एवढंच उरलं, की माणसाने पाठवलेला संदेश येतोय आणि यंत्रणेने पाठवलेला दिसत नाही. मेसेजच्या ॲपमध्ये वरच्या गोल चित्रावर दाबून `Spam & blocked` उघडलं. दोन्ही ओटीपी तिथे होते, वेळेवर आलेले, न वाजता आलेले. त्यांच्या खाली गॅसच्या सिलिंडरचे आणि बँकेचे जुने संदेशही होते.

ते तिथे कसे गेले? ताईंच्या मुलाने केव्हातरी जाहिरातींना वैतागून दिसेल तो सेंडर ब्लॉक केला होता. फोनच्या स्वतःच्या फिल्टरने किती संदेश बाजूला टाकले आणि मुलाने किती, ते आता वेगळं करता येत नव्हतं. संदेश स्पॅम नाही असं सांगून ते परत इनबॉक्समध्ये आणले, नवा ओटीपी मागवला, तो वाजला आणि काम झालं. ताईंनी विचारलं, “मंग मागच्या वेळचे पण इथंच आलते का?” आले होते, महिना-तारखेसकट.

या प्रसंगात एक बारकावा आहे आणि तो आपल्या कार्यालयाला चटकन कळेल. व्यावसायिक संदेशाच्या नावाला पुढे दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर ज्या कंपनीच्या जाळ्यातून संदेश निघाला तिचं, दुसरं सेवाक्षेत्राचं. समजा एखाद्या कार्यालयाचं नोंदवलेलं नाव ABCDEF आहे, तर त्याचा संदेश एकदा `JM-ABCDEF`, एकदा `VM-ABCDEF` आणि एकदा `AD-ABCDEF` म्हणून येऊ शकतो. पाठवणारा तोच, पण फोनच्या लेखी हे तीन निरनिराळे सेंडर. त्यामुळे मुलाने त्यातला एक ब्लॉक केला तर त्या वाटेने येणारे ओटीपी गडप होतात आणि दुसऱ्या वाटेने आलेले वाजतात. ‘कधी येतो, कधी येत नाही’ ही जी तक्रार माझ्यासमोर रोज होते, तिचं हे एक कारण आहे. लोक त्याला नेटवर्कचा दोष म्हणतात. ओटीपी थोड्या वेळाने आपोआप आला म्हणजे सर्व्हर सुधारला असं समजतात. प्रत्यक्षात फक्त वाट बदललेली असते.

२०२५ च्या दुरुस्तीने आपण या नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडलं. P म्हणजे जाहिरात, S म्हणजे सेवा, T म्हणजे व्यवहार, G म्हणजे सरकारी. हा निर्णय फार चांगला आहे आणि मी समोरच्या प्रत्येकाला तो समजावून सांगतो. शेवटी P दिसला तर खुशाल ब्लॉक करा, T किंवा G दिसला तर हात लावू नका. पण मला हे माणसाला सांगावं लागतं. फोनला ते सांगणारं कोणी नाही. ओटीपी कोणता आणि लोनची जाहिरात कोणती हे ओळखायला फिल्टर मजकुराचा, लिंकचा, शब्दांचा अंदाज घेत बसतो. जो शिक्का नोंदणी आणि छाननी होऊन नावावर बसला आहे, तो पाहणं त्याच्यावर बंधनकारक नाही.

माझी पहिली मागणी यातूनच येते. ज्या संदेशाच्या शेवटी T किंवा G आहे, तो फोनने आवाज न करता लपवू नये. संशय असेल तर वर लाल पट्टी लावावी, आतली लिंक बंद ठेवावी, पण संदेश वाजावा आणि समोर दिसावा. वापरणाऱ्याने स्वतः तो सेंडर ब्लॉक केला असेल, तर ब्लॉक करतानाच फोनने विचारावं की या नावाने तुमचे ओटीपी येतात, नक्की बंद करायचे का.

यावरचा एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. नकली टॉवरसारखं काम करणारी यंत्रं असतात. ती कंपनीच्या जाळ्याला आणि आपल्या छाननीला वळसा घालून थेट आसपासच्या फोनवर हव्या त्या नावाने संदेश टाकू शकतात. तेव्हा शेवटी T आहे म्हणून आंधळा विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. म्हणूनच मागणी लपवण्याबद्दल आहे, विश्वासाबद्दल नाही. खोट्या संदेशावर इशारा लावून तो दाखवला तर माणूस सावध होतो. खरा ओटीपी लपवला तर त्याचं काम बुडतं आणि का बुडलं हेही त्याला समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा येईल, की हँडसेट आणि ॲप बनवणाऱ्या कंपन्या आपल्या थेट कक्षेत येत नाहीत. पण आपण हे आधी केलं आहे. २०१८ च्या विनियमांत आपण सेवा कंपन्यांवर जबाबदारी टाकली होती, की नको असलेल्या कॉल-संदेशांची तक्रार करणाऱ्या ॲपला लागणाऱ्या परवानग्या त्यांच्या जाळ्यावरच्या स्मार्टफोनमध्ये सहा महिन्यांत मिळाल्या पाहिजेत. ॲपलशी त्यावरून बराच वाद झाला आणि शेवटी आयफोनच्या आयओएस १२ मध्ये तक्रार करण्याची सोय आली. नको असलेला संदेश कळवता यावा म्हणून आपण फोन कंपन्यांशी एवढं झगडलात. हवा असलेला संदेश दिसावा, यासाठीही तोच मार्ग मोकळा आहे.

आता दुसऱ्या सिमकडे येतो. इथे फिल्टरचा काही संबंध नसतो आणि चूक शोधणं जास्त कठीण जातं.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या दोन सिमच्या फोनमध्ये रेडिओ एकच असतो. दोन्ही सिम नेटवर्कवर थांबून राहतात, पण एका सिमवर कॉल सुरू झाला की दुसरं तेवढ्यापुरतं संपर्काबाहेर जातं. त्या वेळात दुसऱ्या सिमसाठी आलेला एसएमएस कंपनीच्या संदेश केंद्रात थांबतो आणि ते केंद्र थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. कॉल संपला की लगेच संदेश येईल याची खात्री नसते, पुढचा प्रयत्न होईपर्यंत वाट पाहावी लागते. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो, बँकांचा बहुधा त्याहूनही कमी.

आता कल्पना करा, माणसाला ओटीपी मिळत नाही. तो काय करतो? हेल्पलाईनला फोन लावतो. पहिल्या सिमवरून, कारण रिचार्ज त्याच्यावर असतो. पलीकडून सांगितलं जातं, “सर, मी आत्ता पुन्हा पाठवतोय, लाईनवर राहा.” तो लाईनवर राहतो, आणि लाईनवर असल्यामुळेच ओटीपी येत नाही. एक निवृत्त शिक्षक माझ्या खुर्चीवर बसून असेच बोलत होते. पलीकडचा मुलगा मनापासून मदत करत होता, पुन्हा पुन्हा पाठवत होता. गुरुजींनी फोन ठेवला आणि थोड्या वेळात सगळे ओटीपी एकामागून एक धडाधड आले. त्यांनी सगळ्यात वरचा उतरवला. तो ॲपमध्ये सर्वांत जुना होता, केव्हाच बाद झालेला. खालचा शेवटचा टाकेपर्यंत पडद्याने ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं सांगून दार बंद केलं होतं.

हे प्रसंग ओळखण्याची माझी खूण साधी आहे. ओटीपी घोळक्याने आले तर संदेश वाटेत थांबले होते, म्हणजे सिम बंद, रेंज नाही किंवा दुसऱ्या सिमवर कॉल. अजिबात दिसलेच नाहीत, पण त्या नंबरवर रिंग जाते आणि माणसाचा एसएमएस येतो, तर बहुधा ते आले आहेत आणि लपलेले आहेत. एवढा फरक मला इथे टेबलावर बसून करावा लागतो. पण खरं सांगायचं तर हा फरक पाठवणाऱ्याच्या संगणकावर आधीच नोंदलेला असू शकतो, आणि या पत्रात मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

संदेश फोनने स्वीकारला की कंपनीकडून पाठवणाऱ्याला पोच जाते, `DELIVRD`. फोनपर्यंत पोहोचलाच नाही आणि मुदत संपली तर `EXPIRED`, पोहोचवणंच शक्य नसेल तर `UNDELIV`. ताईंच्या दोन्ही ओटीपींच्या बाबतीत पाठवणाऱ्याकडे `DELIVRD` गेलं असणार, कारण फोनने ते घेतले होते आणि मगच बाजूला टाकले. गुरुजींच्या बाबतीत फोन ठेवेपर्यंत कोणतीच पोच गेली नसणार. दोघांच्या पडद्यावर मात्र एकच वाक्य होतं : ओटीपी पाठवला आहे.

ते वाक्य बदलता येतं. पोच आली असेल तर पडद्याने म्हणावं, “शेवटी ४७२ असलेल्या नंबरवर संदेश पोहोचला आहे. दिसत नसेल तर स्पॅमचा फोल्डर पाहा. संदेश ABCDEF या नावाने आला आहे.” पोच आली नसेल तर म्हणावं, “शेवटी ४७२ असलेला नंबर सध्या संपर्कात नाही. ते सिम चालू आहे का पाहा. फोनवर कॉल चालू असेल तर तो संपवा.” एवढ्या दोन वाक्यांनी माझ्याकडे येणारी निम्मी गर्दी घरच्या घरी मोकळी होईल, असं मी अनुभवाने म्हणतो. आकडेवारी माझ्यापाशी नाही, ती कंपन्यांपाशी आहे आणि आपण मागितली तर मिळेल. किती ओटीपींची पोच आली आणि तरीही ते मुदतीत वापरले गेले नाहीत, हा एक आकडा आपण बँकांकडून आणि सरकारी पोर्टलांकडून मागवावा. आजवर न दिसलेली अडचण त्यातून मोजता येईल.

नंबरचे शेवटचे आकडे दाखवण्यावर गोपनीयतेचा मुद्दा निघेल. पण आधारची वैधता तपासताना तीन आकडे आजही दिसतात, आणि कित्येक ठिकाणी ओटीपी पाठवतानाही दाखवले जातात. जिथे दाखवत नाहीत तिथेच माणूस चुकीच्या सिमकडे बघत बसतो. गावात एका घरात दोन-तीन फोन आणि चार-पाच सिम असतात. बापाचं आधार थोरल्याच्या नंबराला, थोरला पुण्याला कंपनीत. शेवटचे तीन आकडे दिसले तर निदान कोणाला फोन करायचा ते कळतं.

आणखी एक गोष्ट पाठवणाऱ्यांना सांगण्यासारखी आहे. संदेश पाठवताना तो किती वेळ थांबवून ठेवायचा, ती मुदत देता येते. ओटीपी दहा मिनिटांचा असेल तर संदेशालाही दहाच मिनिटांची मुदत द्यावी. म्हणजे बाद झालेले ओटीपी नंतर घोळक्याने येऊन माणसाला चकवणार नाहीत. हा नियम मजकूर नोंदवतानाच घालता येईल : ज्या साच्यात ओटीपी आहे, त्याला मुदत दिल्याशिवाय मंजुरी नाही.

पाठवणाऱ्याच्या टोकाला बिघाड झाला तर आपण किती तत्परतेने वागता, हे आम्ही पाहिलं आहे. मार्च २०२१ मध्ये साच्यांची छाननी लागू झाली, नोंद न केलेले मजकूर अडले आणि देशभर बँकांचे, आधारचे, लसनोंदणीचे ओटीपी थांबले. आपण लगेच ती छाननी सात दिवसांसाठी स्थगित केली. त्या दिवशी सगळ्यांचे ओटीपी एकदम बंद पडले म्हणून आरडाओरडा झाला. माझ्यासमोर बसलेल्या ताईंचा ओटीपी एकटीचाच अडकतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात दुसऱ्याचा. हे एकेकटे अडकलेले ओटीपी कोणाच्याच नोंदीत अपयश म्हणून येत नाहीत, उलट पाठवणाऱ्याच्या वहीत ते यशस्वी म्हणून मोजले जातात.

यात सेवा केंद्रचालकांचाही एक पेच आहे. ओटीपी शोधायला मला दुसऱ्याचा फोन हातात घ्यावा लागतो. बायाबापड्या सरळ फोन पुढे करतात, लॉकसुद्धा सांगतात. मी तो टेबलावर त्यांच्यासमोर ठेवतो, त्यांच्याकडूनच दाबून घेतो आणि स्पॅमच्या फोल्डरमधले बँकेचे संदेश वाचत नाही. पण प्रत्येक टेबलावर असंच होईल याची हमी मी देऊ शकत नाही. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असं आपण सगळीकडे छापतो, आणि तो इतका लपवून ठेवतो की शोधायला फोन परक्याच्या हातात द्यावा लागतो. पडद्यावरची दोन वाक्यं बदलली तर ही वेळच येणार नाही.

माझी विनंती अशी आहे. संदेशांबाबतचं पुढचं सल्लामसलत पत्र आपण काढाल, तेव्हा त्यात घेणाऱ्याच्या टोकाचा प्रश्न वेगळा विचारावा : T आणि G शिक्क्याच्या संदेशांना फोनच्या फिल्टरने कसं वागवायचं, आणि पोच आल्यावर किंवा न आल्यावर पाठवणाऱ्याने पडद्यावर काय दाखवायचं. त्यावर मराठीत उत्तर पाठवायची मुभा द्यावी. तालुक्यातले आम्ही केंद्रचालक मिळून उत्तर देऊ आणि कोणत्या फोनमध्ये कोणता संदेश कुठे सापडला, त्याच्या नोंदी नावं-नंबर वगळून सोबत जोडू. त्या नोंदी ठेवायला आम्ही सुरुवात केली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक, जि. सातारा